प्रतिसाद: आठपट साहित्य लागतंच असं नाही

> "लांबी दुप्पट केली की घनफळ आठपट, म्हणजे साहित्यही आठपटच लागणार ना?"

भरीव वस्तू असेल तर हो. पोकळ असेल तर जाडीचं काय केलं ते आधी बघा. थ्रीडी प्रिंटरवर एक बंद पोकळ घन दुप्पट आकारात छापताना मी आठपट प्लास्टिक धरून बसलो होतो, लागलं जेमतेम चौपट. कारण सॉफ्टवेअरने बाजू 5 सेंमीवरून 10 केली, भिंत मात्र 1 मिमीच ठेवली.

हिशोब करून बघा. लहान घनाचं प्लास्टिक 5³ − 4.8³, म्हणजे सुमारे 14.4 घसेंमी. मोठ्याचं 10³ − 9.8³, सुमारे 58.8. गुणोत्तर 4.08. पातळ भिंतीचं घनफळ म्हणजे साधारण पृष्ठफळ गुणिले जाडी; जाडी तीच राहिली, त्यामुळे फक्त पृष्ठफळाचा वर्ग-नियम लागू झाला. भिंतही 2 मिमी केली असती तर 10³ − 9.6³ = 115.3, बरोब्बर आठपट. एक जरी लांबी तशीच राहिली तरी आकृत्या समरूप उरत नाहीत (ही अट आपण सगळेच विसरतो). आत मावणारं पाणी मात्र दोन्ही वेळा आठपटीच्या आसपासच: 110.6 वरून पातळ भिंतीत 941, जाड भिंतीत 885.