रेपो वाढवून महागाई उतरवली, पण बुडालेल्या उत्पादनाचं काय?

चटईवाला जळगाव
राम राम मंडळी. एमआयडीसीत प्लास्टिक चटईचं छोटं युनिट आहे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला आणि पुढे दोन वर्षं तिथेच बसला. धंद्यातल्या रोजच्या खर्चासाठी बँकेकडून घेतलेली माझी ८० लाखांची सीसी लिमिट रेपोला बांधलेली, म्हणजे वर्षाला २ लाख व्याज जास्त. शेवटी रात्रपाळी बंद केली. महागाई एक टक्क्याने उतरवायला देशाचं किती उत्पादन बुडतं, त्याचा आकडा अर्थशास्त्रवाले काढतात, त्याला सॅक्रिफाइस रेशो म्हणतात. माझं मत असं की आपल्याकडे भाव टोमॅटो-कांद्याने चढतात, त्यामुळे हा बळी फुकट गेला. ज्याला पटत नसेल त्याने हिशेबाने बोलावं.

भुसावळ जंक्शन
मी बँकेत आहे, म्हणून विरोधी बाजू माझीच. अमेरिकेत १९७९ साली तिथल्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख म्हणून व्होल्कर आले, व्याजदर १९-२० टक्क्यांपर्यंत नेले आणि महागाई मोडली. एकदाच दणका द्यायचा, लोकांना कळतं की बँक गंभीर आहे, मग भाव आणि पगार आपोआप सावरतात. हळूहळू वाढवत बसलं की दुखणं लांबतं. आपल्याकडे तर २०२३-२४ मध्ये जीडीपी उलट जोरात वाढला. मग बळी गेला कुठे? तुमचा रेशो शून्य.

अमळनेरची सुनंदा
आमच्या घरात उलटं आहे. सासूबाईंची सगळी पुंजी एफडीत. रेपो ४ होता तेव्हा पाच-साडेपाच टक्के मिळायचे आणि बाजारात सात टक्क्यांनी भाव चढत होते. तेव्हा कोणी विचारलं नाही की म्हाताऱ्यांचं काय बुडतंय. दर वाढले तेव्हा कुठे जरा श्वास घेतला.

धुळेकर मास्तर
सुनंदाताई, तुमचं दुखणं खरं आहे, पण ते एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात गेलेल्या पैशाचं आहे. या रेशोत फक्त तो माल येतो जो तयारच झाला नाही. भाऊंची रात्रपाळी त्यात येते, एफडीचं व्याज येत नाही.

भुसावळकरांनी व्होल्करचं नाव काढलंच आहे, तर तोच हिशेब मांडू. अमेरिकेत ग्राहक महागाई १९८१ मध्ये १०.३ टक्के होती, १९८५ मध्ये ३.६. उतार ६.७. त्याच काळात बेरोजगारी १९८२ ला ९.७, १९८३ ला ९.६, १९८४ ला ७.५ आणि १९८५ ला ७.२. आता धरा की अर्थव्यवस्था धड चालू असताना तिथे ६ टक्के बेरोजगारी असतेच. चारही वर्षांतली ६ च्या वरची बेरोजगारी जोडली तर बरोबर १० भरते. बेरोजगारी एक टक्का जास्त असेल तर उत्पादन साधारण दोन टक्के कमी पडतं, हा अर्थशास्त्रज्ञ ओकनचा ठोकताळा. म्हणजे एका वर्षाच्या उत्पादनाचा २० टक्के तुकडा गेला. २० ला ६.७ ने भागा, ३ येतात.

एक टक्का महागाईमागे वर्षाच्या उत्पादनाचे ३ टक्के. हे शून्य नाही. १९८२ च्या शेवटी तिथली बेरोजगारी १०.८ वर गेली होती.

भुसावळ जंक्शन
मास्तर, पण आधी काय सांगत होते तेही सांगा ना. त्याच ओकनने १९७८ मध्ये तेव्हाच्या मॉडेलांवरून सरासरी १० चा आकडा काढला होता. त्या हिशेबाने ६.७ टक्क्यांना ६७ टक्के उत्पादन जायला हवं होतं. गेलं २०. म्हणजे दणक्यानं काम स्वस्तात झालं, माझा मुद्दा उभाच आहे.

धुळेकर मास्तर
अर्धा उभा आहे. अर्थशास्त्रज्ञ लॉरेन्स बॉल यांनी १९९४ मध्ये विकसित देशांचे असे अनेक उतार तपासले, तेव्हा खरंच दिसलं की महागाई झपाट्याने उतरवली तिथे रेशो कमी आला आणि जिथे पगाराचे करार लवचीक आहेत तिथेही कमी आला. पण व्होल्करच्या वेळी डॉलर महागला होता, तेलही उतरत होतं. तो उतार व्याजदराच्या खात्यात टाकला की रेशो आपोआप लहान दिसतो.

दुसरं म्हणजे मी धरलेले ते ६ टक्के कुणी ताजव्यात मोजून दिलेले नाहीत. ६.५ धरले तर जोड ८ भरते आणि रेशो २.४ येतो. ५.५ धरले तर जोड १२, रेशो ३.६. अर्ध्या टक्क्याने गृहीतक हललं की उत्तर एवढं हलतं. म्हणून कोणी एकच आकडा छातीठोकपणे फेकला की मी आधी विचारतो, बाबा, तुझी धड चाललेल्या दिवसांची रेषा कुठे आहे?

तुमचा २०२३-२४ चा जीडीपीही त्यातच अडकतो. वाढ झाली म्हणून बुडालं नाही असं होत नाही. रेपो वाढला नसता तर किती झालं असतं, त्याच्याशी तुलना लागते. कोविडनंतर मागणी परत येत होती, सरकार रस्ते-रेल्वेवर खर्च करत होतं. ते वजा केल्याशिवाय शून्य म्हणता येणार नाही.

कापूसवाला चोपडा
सगळे व्याजावरच बोलताय भो. मी तर म्हणतो सरकारने शेतकऱ्याचं कर्ज माफ करावं, म्हणजे रेपो कितीका होईना.

चटईवाला जळगाव
चोपडाकर, कर्जमाफीचा धागा हा नाही हो.

कापूसवाला चोपडा
बरं, मग तुमच्याच विषयावर ऐका. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०१३-१४ ला ४०००, मग ४०५०, मग ४१००, मग ४१६०. तीन वर्षांत १६० रुपये. मजुरी, खत, औषध काय तिथेच थांबलं होतं? त्या सालात महागाई उतरली म्हणून दिल्ली-मुंबईत पाठ थोपटून घेतली. कापूस तेवढाच पिकला, म्हणजे मास्तरांच्या हिशेबात माझं काहीच बुडालं नाही. घरात मात्र बुडालं.

धुळेकर मास्तर
चोपडाकरांनी नेमकं बोट ठेवलं. महागाई २०१२-१३ च्या दहा टक्क्यांवरून २०१७-१८ ला ३.६ वर आली. राजन रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर असताना जानेवारी २०१४ मध्ये रेपो ८ वर नेला, ऊर्जित पटेल समितीने उताराचा रस्ता आखला, २०१५ मध्ये सरकारशी करार झाला आणि पुढे ४ टक्क्यांचं लक्ष्य कायद्यात आलं. नोंदलेली वाढ त्या काळात घसरली नाही, त्यामुळे पाठ्यपुस्तकी रेशो काढला तर तो शून्य किंवा उणे येतो. पण २०१४ च्या मध्याला ११० डॉलरच्या आसपास असलेलं तेल २०१६ च्या जानेवारीत ३० च्या घरात आलं आणि हमीभाव हात आखडून दिले गेले. उताराचा मोठा वाटा तिथून आला. व्याजदराने किती उतरवलं हे वेगळं काढणं फार अवघड. आणि ज्याने भाव कमी घेऊन किंमत दिली, तो या रेशोत दिसतच नाही. मोजमापाची ही मर्यादा मला मान्य आहे.

भुसावळ जंक्शन
मान्य नाही. हमीभाव सरकारचा, रेपो रिझर्व्ह बँकेचा. दोन्ही एका पोत्यात भरू नका.

चटईवाला जळगाव
मास्तर, एक सांगा. जून २०२५ मध्ये रेपो ५.५ झाला, माझंही व्याज उतरलं. पण रात्रपाळीचे दोन कारागीर तोवर सुरतेला लागले. एक जुनं मशीन मी भंगारात काढलं. आता ऑर्डर आली तरी पाळी चालत नाही. हे त्या बॉलसाहेबांच्या हिशेबात कुठे बसतं?

धुळेकर मास्तर
बसत नाही, आणि त्याचं कारण सांगण्यासारखं आहे. बॉल यांनी उत्पादनाची रेषा अशी ओढली: महागाई शिखरावर असते तेव्हा उत्पादन आपल्या नेहमीच्या पातळीवर आहे असं धरायचं, महागाई तळाला गेल्यावर चार तिमाहींनी ते परत नेहमीच्या पातळीवर आलं असं धरायचं आणि मधे सरळ रेघ मारायची. त्या रेघेखाली जो खड्डा पडतो तो तोटा. आता बघा, चार तिमाहींनी सगळं भरून आलं हे आधीच गृहीत धरलंय. कायमचं गेलेलं मशीन, कायमचा गेलेला कारागीर या पद्धतीत दिसूच शकत नाही, कारण चार तिमाहींनंतरची पातळीच नवी नेहमीची पातळी ठरते. उत्पादन जुन्या उंचीवर आलंच नसेल, तर खरा रेशो छापलेल्यापेक्षा मोठा असतो. बॉल यांनीच पुढे मंदीने होणाऱ्या कायमच्या नुकसानावर बरंच काम केलं.

भुसावळकरांच्या दणक्याच्या मुद्द्याला इथेच अडचण येते. झटपट उतार स्वस्त, हे या मोजपट्टीवर खरं आहे. पण मोठ्या दणक्यात बारीक युनिटं आधी मोडतात, आणि ती मोडतोड पट्टीवर उमटत नाही.

भुसावळ जंक्शन
मग काय, २०२२ मध्ये हातावर हात ठेवून बसायचं होतं? एप्रिल २०२२ ला महागाई ७.७९ होती. सलग तीन तिमाही ६ च्या वर राहिली म्हणून रिझर्व्ह बँकेला सरकारला पत्र लिहून कारणं द्यावी लागली. टोमॅटोचं म्हणाल तर जुलै २०२३ मध्ये महागाई ७.४४ झाली आणि सप्टेंबरला ५.०२ वर आली. मधे रेपो हलला का? नाही. म्हणजे बँकेला कळतं की भाजीपाल्यावर व्याजाचा दणका लागू नाही. ती बघत होती कोअर महागाई, खाण्यापिण्याच्या वस्तू आणि इंधन सोडून बाकीची. डॉक्टरची फी, घरभाडं, कपडे. ती डिसेंबर २०२३ पर्यंत ४ च्या खाली आली. हे फुकट कसं?

चटईवाला जळगाव
याला माझ्याकडे सरळ उत्तर नाही. पण महागाई मोजायच्या २०१२ च्या मालिकेत खाण्यापिण्याचं वजन ४५.८६ टक्के होतं. लक्ष्य अख्ख्या आकड्यावर, काम फक्त उरलेल्या अर्ध्यावर. अर्ध्यावर दुप्पट जोर लावायचा, तो जोर आमच्यासारख्यांवर येतो.

धुळेकर मास्तर
ही तक्रार मला जास्त वजनदार वाटते, फुकट गेलं या तक्रारीपेक्षा. अन्नाचे भाव चढते राहिले आणि तरी सरासरी ४ वर आणायची असेल, तर बाकीचे भाव ४ च्या बरेच खाली दाबावे लागतात. त्यासाठी लागणारा उत्पादनाचा तोटा अन्नाचं वजन कमी असलेल्या देशापेक्षा जास्त पडतो. मात्र आपल्याकडे लेखी, लांब मुदतीचे पगार-करार थोडेच आहेत, त्यामुळे भाव-मजुरी लवकर झुकते आणि तोटा कमी पडतो. दोन्ही ओढी उलट्या दिशेच्या आहेत. कोणती जोरदार, हे मी ठरवून सांगणार नाही.

अमळनेरची सुनंदा
भाव-मजुरी लवकर झुकते म्हणजे मजुराला कमी घ्यावं लागतं, तेच ना मास्तर?

धुळेकर मास्तर
हो. तेच.

भुसावळ जंक्शन
मग २०२२ ते २४ च्या कोअर उतारावर रेशो काढा तुम्ही. मी तुमचीच पद्धत लावतो.

धुळेकर मास्तर
लावा की. पण तुम्ही मार्च २०२० च्या आधीची रेषा पुढे ओढणार की कोविडनंतरची? पहिलीवर फार मोठा खड्डा दिसेल आणि त्यातला बराचसा कोविडचा असेल. दुसरीवर खड्डाच दिसणार नाही. निवड आधी सांगा, मग भागाकार करू.

भुसावळ जंक्शन
दुसरी.

चटईवाला जळगाव
मी पहिली.