पहिलं पुस्तक कुणाचं: ग्रॅहम की कानेमान?

मीनल_नाशिक
म्युच्युअल फंड बऱ्यापैकी कळतात. एक्स्पेन्स रेशो, रोलिंग रिटर्न, डायरेक्ट-रेग्युलर, सगळं करून झालंय. आता व्हॅल्यू इन्व्हेस्टिंग आणि बाजाराचं मानसशास्त्र यावर खोलात जाणारं वाचायचं आहे. कुठून सुरू करू?

ठाणेकर
सरळ मानसशास्त्रवाला कानेमान घ्या. बाजार म्हणजे भीती आणि हाव, बाकी काही नाही. ताळेबंद वाचायला फंड मॅनेजर बसलेत. भाव पडला की घाबरायचं नाही, एवढं डोक्यात बसलं की झालं. व्हॅल्यू इन्व्हेस्टिंगवाला ग्रॅहम आता जुना झाला.

घाटावरचा
ठाणेकर, असले सल्ले वाचूनच लोकांचे पैसे जातात, म्हणून सविस्तर लिहितोय.

"घाबरायचं नाही" हे इंडेक्स फंडाला ठीक आहे. २३ मार्च २०२० ला निफ्टी एका दिवसात १३ टक्के आपटला. ज्यांनी एसआयपी चालू ठेवली त्यांचं भलं झालं, कारण तिथे पन्नास कंपन्या होत्या आणि त्या सगळ्या एकदम बुडणार नव्हत्या. एकट्या शेअरला हाच नियम लावून बघा. ऑगस्ट २०१८ मध्ये येस बँक ४०० च्या आसपास होती आणि पुस्तकी मूल्य, म्हणजे देणी वजा जाता एका शेअरमागे उरणारी मालमत्ता, शंभराच्या थोडं वर. २०१९ च्या जुलैत भाव पुस्तकी मूल्याच्याही खाली आला. न घाबरणारे तेव्हाच घुसले आणि पुढे प्रत्येक पायरीवर ॲव्हरेज करत राहिले. ५ मार्च २०२० ला रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, खातेदाराला पन्नास हजारांवर रक्कम काढता येईना. मग १४ मार्चला डिसेंबर तिमाहीचा निकाल आला: १८,५६४ कोटी तोटा. ज्या पुस्तकी मूल्याच्या भरवशावर शेअर स्वस्त वाटत होता, त्याचा मोठा भाग एका तिमाहीत गेला.

आणि हे आधी दिसत होतं. २०१६-१७ साठी बँकेने ढोबळ एनपीए, म्हणजे एकूण थकलेली कर्जं, सुमारे २,०१८ कोटी दाखवला होता, रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत तो सुमारे ८,३७३ कोटी निघाला. आदल्या वर्षीही तेच, ७४९ कोटींच्या जागी ४,९२६. बुडीत कर्ज चांगलं म्हणून दाखवलं की त्यासाठी तरतूद होत नाही, आणि न केलेली तरतूद पुस्तकी मूल्यात फुगून बसते. म्हणजे भावाला ज्याने भागायचं तो आकडाच खोटा. हा फरक ऑक्टोबर २०१७ मध्ये जाहीर झाला, तरी पुढच्या ऑगस्टात भाव ४०० वर गेला! भाव का पडला हे कानेमान सांगत नाही. त्यासाठी ताळेबंदच उघडावा लागतो.

मीनलताई, 'द इंटेलिजंट इन्व्हेस्टर' घ्या, झ्वाइगच्या टिपांची २००३ ची आवृत्ती. आधी प्रकरण ८, मग २०. बाकीचं सावकाश. आठव्यात मिस्टर मार्केट आहे, रोज दारात येऊन भाव सांगणारा भागीदार. त्याचा भाव वेडेपणाचा आहे हे कळायला धंद्याची किंमत आधी आपल्याला माहीत पाहिजे. मानसशास्त्र त्याच्यानंतर.

जुना_दलाल
पण येस बँक ग्रॅहमच्याच नियमात बसत होती की! पुस्तकी मूल्याच्या दीडपटीच्या आत, पी/ई पंधराच्या आत. रिंगणात तीस वर्षं काढली आहेत, ही पुस्तकं वाचून घुसलेली माणसं मी रडताना पाहिली आहेत. पुस्तकाने भाव कळत नाही.

सीए_ताई
काका, तुम्ही अर्धी यादी वाचलीत. हे नियम ज्या चौदाव्या प्रकरणात आहेत, त्यातच वीस वर्षं अखंड लाभांश आणि दहा वर्षांत एकदाही तोटा नको, असंही लिहिलंय. येस बँक सुरूच २००४ मध्ये झाली, २०१९ मध्ये वीस वर्षांचा लाभांश आणणार कुठून? लोक शेवटच्या दोन गुणोत्तरांचा स्क्रीनर लावतात आणि त्याला ग्रॅहम म्हणतात.

पण घाटावरचे, तुम्हीही ग्रॅहमला फार वर बसवू नका. ही चाळणी लावली तर कुठलीच तरुण कंपनी हाती लागत नाही. खुद्द ग्रॅहमच्या फर्मने १९४८ मध्ये गायको या विमा कंपनीचा निम्मा हिस्सा सुमारे ७ लाख १२ हजार डॉलरला घेतला. बाकी सगळ्या व्यवहारांत मिळून जेवढं कमावलं त्याहून जास्त या एकात मिळालं, हे त्याने त्याच पुस्तकाच्या शेवटी लिहून ठेवलंय. आणि त्याच्या नेहमीच्या मापाने तो शेअर लवकरच महाग झाला होता, तरी विकला नाही. ते शेवटचं टिपण आधी वाचा, मग चौदावं प्रकरण.

बोरिवलीचा_भाऊ
मीनलताई, आधी रेग्युलर प्लॅन बंद करा. आमच्या एजंटने वर्षानुवर्षं कमिशन खाल्लं आणि विचारलं तर "सर्व्हिस देतो" म्हणाला. कसली सर्व्हिस? वर्षाला एक दिनदर्शिका!

मीनल_नाशिक
भाऊ, माझे सगळे फंड डायरेक्टच आहेत. पुस्तकांचं विचारलंय.

ठाणेकर
घाटावरचे, माझा मेव्हणा सीए आहे. वार्षिक अहवाल तळटीपांसकट वाचतो. पण त्याचा डिमॅट उघडून बघा. वीस टक्के वाढला की शेअर विकून मोकळा, आणि जो निम्म्यावर आलाय तो सहा वर्षं तसाच. विचारलं की एकच उत्तर, "माझा भाव येऊ दे, मग काढतो." बाजाराला त्याचा भाव ठाऊक तरी आहे का? आता सांगा, त्याला कुठलं पुस्तक कमी पडलं?

आणि हा एकटा मेव्हणा नाही. टेरन्स ओडीनने अमेरिकेतल्या एका ब्रोकरची दहा हजार खाती तपासली, १९८७ ते ९३ ची. नफ्यातले सुमारे १५ टक्के शेअर विकले गेले, तोट्यातले सुमारे १० टक्केच. आणि विकलेले नफ्यातले शेअर पुढच्या वर्षभरात, धरून ठेवलेल्या तोट्यातल्यांपेक्षा ३.४ टक्के जास्त वाढले. ताळेबंद वाचणाऱ्यांनीच मला आधी उत्तर द्यावं.

घाटावरचा
ओडीनचा अभ्यास खरा आहे, तेवढं मान्य करतो. पण तुमच्या मेव्हण्याला कानेमान वाचायला दिलात तरी तो तेच करेल. आपल्याला हा रोग आहे हे कळल्याने तो बरा होत नाही. शेअर घेण्याआधी एका कागदावर लिहायचं: का घेतोय आणि काय झालं तर विकणार. 'काय झालं तर' मध्ये भाव येत नाही, धंद्यातली गोष्ट येते. बँक असेल तर, "रिझर्व्ह बँकेला एनपीएत मोठा फरक सापडला की बाहेर." हा कागद ज्याच्याकडे होता तो २०१७ मध्येच बाहेर पडला असता. आणि ते वाक्य लिहायला ताळेबंद वाचता आला पाहिजे. म्हणून पुन्हा तिथेच येतो मी.

जुना_दलाल
२०१७ ला बाहेर पडला असता तर पुढची सगळी वाढ हुकली असती, ते बोला ना! कागदावर लिहून बाजार चालत नाही.

घाटावरचा
हुकली असती तर हुकली असती. २०२० मध्ये तो शांत झोपला असता. तुमची तीस वर्षं तुमच्यापाशी ठेवा काका, मला ती सारखी सुनावू नका.

सीए_ताई
दोघेही जरा थांबा. मीनल, ठाणेकर आणि घाटावरचे ज्यावरून भांडताहेत ते दोन्ही एका जागी हवं असेल तर पराग पारिखांचं २००९ चं 'व्हॅल्यू इन्व्हेस्टिंग अँड बिहेविअरल फायनान्स' घे. उदाहरणं आपल्या बाजाराची आहेत, ग्रॅहमच्या अमेरिकन रेल्वे कंपन्यांसारखं अडखळायला होत नाही. मी असते तर ते पहिलं वाचलं असतं आणि ग्रॅहमचं आठवं प्रकरण त्याच्या जोडीला. मात्र पहिला शेअर बँकेचा घेऊ नकोस. कर्जं कुणाला दिलीत ते बाहेरून दिसत नाही.

ठाणेकर
बँका वगळल्या तर निफ्टीतला केवढा मोठा भाग गेला! ताई, हे पटत नाही. पारिखांचं नाव बरोबर आहे, मी आधीच घ्यायला हवं होतं असं तुम्ही म्हणाल, तर म्हणा.

मीनल_नाशिक
पारिख मागवलं. पण त्या एनपीएच्या फरकाची टीप अहवालात नेमकी कुठे असते?

सीए_ताई
शेड्यूल १८, नोट्स टू अकाउंट्स. पीडीएफमध्ये `divergence` शोध. फरक रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असेल तरच छापावा लागतो, म्हणून टीप सापडली नाही तर सगळं स्वच्छ आहे असं समजू नकोस. शेजारीच वर्षभरातल्या एनपीएच्या हालचालीचं कोष्टक असतं. त्यात नव्याने किती वाढले आणि किती निर्लेखित केले, हे दोन आकडे तीन वर्षांचे काढून ठेव आणि इथे टाक, मग बोलू.