प्रतिसाद: पाच शेअर्स, पाच शॉर्ट पुट

"बँक, औषध, सिमेंट, आयटी, वाहन, प्रत्येकात एकच पुट विकलाय. सगळे एकदम कसे बुडतील?"

शांत बाजारात बुडत नाहीत, हे खरं. पण मोठ्या पडझडीत विकणारा क्षेत्र बघत नाही, जे विकलं जातं ते विकतो. मिरकरवाड्याच्या बंदरात होड्यांचे मालक वेगळे, वादळ सगळ्यांना एकच. ४ जून २०२४ ला निफ्टी एका दिवसात जवळपास ६ टक्के पडला होता.

तसाच दिवस धरून हिशोब करा. प्रत्येक शेअर १००० ला, महिन्याभराचा ९२० चा पुट १० रुपयांना विकला, लॉट ५०० चा. पाचांचा प्रीमियम २५,००० रुपये. शेअर्स ९३० वर आले आणि इम्प्लाइड व्होलॅटिलिटी ३५ वरून ५० झाली, तर तोच पुट साधारण ४५ चा होतो. तोटा ८७,५०० रुपये, आणि अजून एकाही शेअरने स्ट्राइक गाठलेला नाही! त्यात डेल्टा ०.१९ वरून ०.४४ झाला, म्हणजे पडत्या बाजारात तुमची खरेदीची बाजू आपोआप दुपटीहून मोठी झाली. मार्जिनही त्याच दिवशी वाढतं आणि ते भरता आलं नाही तर ब्रोकर नेमक्या वाईट भावाला सौदे कापतो.

म्हणून पाचही डेल्टा बीटाने गुणून एकच निफ्टी पोझिशन म्हणून मोजा. स्टॉक ऑप्शनची सेटलमेंट डिलिव्हरीने होते, तेव्हा ९२० × ५०० × ५ म्हणजे २३ लाख रुपये उभे करता येणार नसतील तर लॉट कमी करा, किंवा विकतानाच खालचा पुट विकत घ्या. पडझडीच्या दिवशी तो धड भावाला मिळत नाही.