मदत हवी आहे: रोज रात्री फ्रँकफर्टच्या सर्व्हरकडे जाताना पॅकेट गळतात, नेमके कुठे?

सांगलीकर_मेघना

मी घरून काम करते, कंपनीचा सर्व्हर फ्रँकफर्टला आहे. दिवसभर एसएसएच मस्त चालतं. रात्री साडेआठ वाजले की टाइप केलेलं अक्षर दोन-दोन सेकंदांनी उमटतं, मध्येच सेशन गोठतं, आणि अकरानंतर सगळं आपोआप सुरळीत. गेले तीन आठवडे हेच चाललंय. इंटरनेट गावातल्या छोट्या पुरवठादाराचं आहे. त्यांना फोन केला की ठरलेलं उत्तर मिळतं: "मॅडम, आमच्याकडून सगळं ओके आहे, प्रॉब्लेम बाहेरचा आहे."

साध्या ट्रेसराउटमध्ये प्रत्येक टप्प्याला तीनच पॅकेट जातात, त्यावरून काही कळेना. म्हणून काल रात्री सव्वानऊला एमटीआर लावलं, प्रत्येक टप्प्याला दोनशे:

```
mtr -rwzc 200 198.51.100.20
```

आलेलं उत्तर असं. आयपी, नावं आणि एएस क्रमांक बदललेत, काही रकाने काढलेत. शेवटचे दोन आकडे म्हणजे गळती आणि सरासरी मिलिसेकंद:

```
1. AS???    192.168.1.1     0.0%    1.3
2. AS???    100.64.12.1     0.0%    5.0
3. AS64500  203.0.113.9    62.0%    9.8
4. AS64501  ae1.mum         0.0%   12.6
5. AS64501  be7.mrs         0.0%  118.4
6. AS64501  be3.fra         0.5%  127.9
7. AS64510  core1           9.5%  189.2
8. AS64510  server         10.0%  190.1
```

सकाळी सातला हेच चालवलं तर शेवटी गळती शून्य आणि 129 मिलिसेकंद. गळती सातव्या टप्प्यापासून दिसते, म्हणजे दोष होस्टिंगवाल्यांचा, असं मला वाटतं. त्यांच्याकडे तक्रार नोंदवण्याआधी कुणी नजर टाकेल का?

केबलवाला_दादा

ताई, तिसरा टप्पा बघा की! 62 टक्के गळती. तो तुमच्या पुरवठादाराचाच राउटर आहे. त्यालाच धरा, जर्मनीपर्यंत कशाला जाताय?

रात्रपाळी

माझंही असंच होतं, पण गेममध्ये. सिंगापूरचा सर्व्हर, एरवी 65 चा पिंग, गेल्या आठवड्यापासून 240. सप्टेंबर 2025 मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ केबल तुटल्या होत्या, तसंच काहीतरी पुन्हा झालं असणार. मेघनाताई, तुमच्याकडेही चौथ्या-पाचव्या टप्प्यात 12 वरून एकदम 118 झालंय, तिथेच घोळ आहे.

जुना_नॉकवाला

बारा वर्षं एका नेटवर्कच्या नियंत्रण कक्षात रात्रपाळ्या केल्या, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दादा, तिसऱ्या टप्प्याचे 62 टक्के खरे नुकसान नाही. तिथे खरोखर एवढी पॅकेट मेली असती, तर चौथ्या, पाचव्या, सगळ्याच टप्प्यांवर निदान तेवढी गळती दिसली असती, कारण त्यांची पॅकेट तिसऱ्यातूनच जातात. चौथ्यावर शून्य आहे. म्हणजे तो राउटर पॅकेट नीट पुढे ढकलतोय, फक्त "मी इथे आहे" हे उत्तर देण्यात हात आखडता घेतोय. पुढे ढकलण्याचं काम हार्डवेअर करतं. उत्तर लिहिण्याचं काम राउटरच्या प्रोसेसरकडे असतं आणि त्यावर मुद्दाम मर्यादा घातलेली असते. गळती एका टप्प्यापासून सुरू होऊन शेवटपर्यंत टिकली, तरच ती खरी धरायची.

12 वरून 118 ही उडीही दोष नाही, तो समुद्र आहे. नावात आधी `mum`, मग `mrs`, म्हणजे मुंबई ते फ्रान्सचं मार्सेय. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणून दर हजार किलोमीटरला जाऊन-येऊन 10 मिलिसेकंद मोजायचे. मुंबई-फ्रँकफर्ट सरळ रेषेत सुमारे साडेसहा हजार किलोमीटर, म्हणजे 65 च्या खाली कुणालाच जाता येणार नाही. त्यात केबल अरबस्तानाला वळसा घालून, तांबड्या समुद्रातून, इजिप्तमार्गे जाते. 118 अगदी रास्त आहे.

आता सातवा टप्पा. मेघनाताई, तुमचं वाचन बरोबर आहे, निष्कर्षाला मात्र थांबा. ट्रेसराउट जाण्याची वाट दाखवतं, पण वेळ आणि गळती मोजतं जाण्या-येण्याची मिळून. परतीची वाट वेगळी असू शकते आणि ती या यादीत कुठेच दिसत नाही. सहाव्यापर्यंतची उत्तरं 64501 च्या राउटरकडून येतात, ती बहुधा त्याच्याच जाळ्यातून घरी परततात. सातव्यापासूनचं उत्तर होस्टिंगवाला स्वतः पाठवतो. त्याने परतीला दुसराच वाहक निवडला असेल, तर त्या वाहकाच्या वाटेवरची गळती तुम्हाला सातव्या टप्प्याच्या माथी मारलेली दिसेल.

सर्व्हरवरून उलटा एमटीआर लावा, रात्री नवालाच. दुसऱ्या टप्प्याचा `100.64` हा पत्ता सांगतो की तुमच्या पुरवठादाराने अनेक घरांना मिळून एक सार्वजनिक आयपी दिलाय. त्यामुळे घरापर्यंत पोहोचता येणार नाही, पण त्यांच्या दारापर्यंत पोहोचलात तरी पुरे. सर्व्हरवर एसएसएचने शिरून हे चालवा, पहिला आकडा तोच आयपी:

```
echo $SSH_CLIENT
```

सांगलीकर_मेघना

काका, आज नऊ वाजून पाच मिनिटांनी लावलं. सव्वातीन मिनिटं स्क्रीनकडे टक लावून बसले होते. हे बघा:

```
1. AS64510  core1           0.0%    0.6
2. AS64502  fra             0.0%    1.1
3. AS64502  mrs             0.0%   11.9
4. AS64502  mum             0.0%  121.7
5. AS64500  203.0.113.70    9.0%  188.5
6. AS???    ???           100.0%    0.0
```

वाहक खरंच वेगळा निघाला, 64502! आणि गळती मुंबईनंतर, माझ्याच पुरवठादाराच्या राउटरला सुरू होते. सहाव्याची शंभर टक्के मी सोडून दिली, तो बॉक्स उत्तरच देत नसणार.

जुना_नॉकवाला

हेच हवं होतं. 64502 मुंबईपर्यंत स्वच्छ आणतो. तिथून तुमच्या पुरवठादाराच्या दारात शिरणारा पोर्ट रात्री तुंबतो. गळतीबरोबर साठेक मिलिसेकंद वाढलेत, म्हणजे पॅकेट रांगेत ताटकळतात आणि रांग भरली की टाकली जातात. केबल तुटली असती तर सकाळी सातलाही त्रास दिसला असता. रात्री घरोघरी व्हिडिओ सुरू होतात आणि भार पडतो तो आत येणाऱ्या दिशेलाच.

केबलवाला_दादा

म्हणजे शेवटी पुरवठादारच ना? मी काय वेगळं म्हणालो?

जुना_नॉकवाला

दादा, माणूस तोच, जागा वेगळी. तिसऱ्या टप्प्याचा आकडा घेऊन गेलात तर त्यांचा इंजिनियर "तो राउटर असंच दाखवतो" म्हणून परत पाठवेल, आणि ते खरंही असेल. मेघनाताई, तुम्ही दोन्ही दिशांचे, सकाळचे आणि रात्रीचे, असे चार अहवाल वेळेसकट पाठवा आणि "64502 कडून येणारा पोर्ट रात्री भरतोय का, आलेख बघा" एवढंच विचारा. पोर्ट वाढेपर्यंत त्यांना 64502 कडे जाहीर होणाऱ्या मार्गात आपला एएस क्रमांक दोन-तीनदा जास्त लावता येतो. त्याने ती वाट लांब दिसते आणि बराचसा ट्रॅफिक 64501 कडून येऊ लागतो. मात्र तो पोर्टही काठोकाठ असेल तर दुखणं तिकडे सरकेल. ते त्यांनाच बघावं लागेल.

रात्रपाळी

काका, मग माझ्या 240 चं काय? मी विंडोजवर ट्रेसर्ट केलं, पाचव्या टप्प्यापासून सगळ्या चांदण्याच येतात.

जुना_नॉकवाला

तुमचा प्रश्न वेगळा आहे, रात्र-दिवस न बघता कायम 240 असेल तर वाट बदललीय. मुंबई-सिंगापूर सरळ चार हजार किलोमीटरच्या आत आहे, 240 म्हणजे कुठेतरी मोठा वळसा. तो जाताना की येताना, हे चांदण्यांवरून सांगता येणार नाही, आणि गेमच्या सर्व्हरवर तुम्हाला शिरताही येत नाही. वेगळा धागा काढून पूर्ण यादी टाका, तोवर मी अंदाज करणार नाही.

सांगलीकर_मेघना

चारही अहवाल आज दुपारी पाठवले. या वेळी "बाहेरचा प्रॉब्लेम" म्हणाले नाहीत. इंजिनियरने स्वतः फोन करून 64502 चा पोर्ट साडेआठ ते अकरा सपाट भरलेला दिसतो असं सांगितलं. वाट बदलून देतो म्हणालाय, कधी ते नाही सांगितलं. मी रोज नऊला दोन्ही बाजूंनी मोजतेय, आज 8.5 टक्के.