अनुभव धागा: यंत्राने लिहिलेला शेतीसल्ला कसा ओळखता?

द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी जवळ आली की तासगाव-मिरज पट्ट्यात मोबाइलवर फवारणीच्या पानांचा पाऊस पडतो. बरीच पानं दुसऱ्या भाषेतून यंत्राने उलटी-पालटी केलेली असतात. तुम्ही ती कशावरून ओळखता? नमुना द्या, नुसतं 'भाषा विचित्र आहे' नको.

बागवाला_कवठे
हा घ्या नमुना, बोर्डो मिश्रणाच्या पानावरचा: "1 किलो कॉपर सल्फेट आणि 1 किलो लिंबू 100 लिटर पाण्यात चांगले विरघळवा।"
मुळात इंग्रजीत 'लाइम' असणार, यंत्राने चुन्याचं लिंबू केलं. यात हसण्यासारखं काही नाही. मोरचुदाचं द्रावण आधीच आम्लधर्मी असतं, कळीचा चुना त्याला मारतो. चुना कमी पडला तर मोकळं तांबं पानं करपवतं. लिंबाने तर आणखीच वाट लागेल.
शिवाय पाणी एकदम 100 लिटर दाखवलंय. एक टक्क्याचं मिश्रण करताना दोन प्लास्टिकच्या पिंपांत 50-50 लिटर पाणी घेतात, एकात मोरचूद विरघळवायचा, दुसऱ्यात चुना विझवून गाळायचा, मग दोन्ही एकत्र ओतायचे. लोखंडी भांडं चालत नाही. शेवटी स्वच्छ विळा बुडवून बघायचा, त्यावर तांबूस थर आला तर चुना अजून हवा. मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. त्या पानावर विळ्याचा उल्लेखच नाही. हे काम स्वतः केलेला माणूस विळा विसरत नाही.

शुद्धलेखन_वाई
सोपं आहे. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या की समजायचं मशीन.

मुद्रितवाचक
वाईकर, बरोब्बर उलटं आहे. ऱ्हस्व-दीर्घ माणूस चुकतो, यंत्राचं शुद्धलेखन बहुधा स्वच्छच असतं. त्याची गडबड वाक्याच्या जोडणीत सापडते. एकाच परिच्छेदात 'तुम्ही फवारा', 'आपण करावे' आणि 'तू तपास' असं तिन्ही येतं. 'फवारणी केले' असं लिंग घसरतं. वरच्या नमुन्यात वाक्याच्या शेवटी पूर्णविरामाऐवजी उभा दंड आहे, तो बघा. हिंदीच्या खाणाखुणा अशाच उरतात: 'बुरशी'च्या जागी 'फफूंद', 'फळ'चं 'फल', 'फ़'खाली नुक्ता.

आलेवाला_कोरेगाव
आल्याच्या पानावर 'अद्रक' दिसलं की मी बंदच करतो. सरळ हिंदी.

मुद्रितवाचक
एवढ्यावर बंद करू नका. मराठवाड्यात शेतकरी अद्रकच म्हणतात. एका शब्दावर निकाल नको, दोन-तीन खुणा एकत्र हव्यात.

मेघा_कराड
माझा प्रश्न थोडा वेगळा. कृषी खात्याच्या पत्रकात 'सदर बाब निदर्शनास आणून देण्यात येत आहे' असं असतं. तेही मशीनचंच का?

बागवाला_कवठे
नाही हो ताई, ती कचेरीची मराठी. रुक्ष असते, पण त्यात लिंग-वचन सहसा चुकत नाही आणि पत्रकाला जावक क्रमांक, तारीख असते.

वेबवाला_मिरज
आधी पत्ता बघा. त्यात `translate.goog` असेल तर साइट मराठी नाहीच, तुमच्यासमोर गुगलचं भाषांतर आहे. मूळ पान चांगलंही असू शकतं. पत्त्यात `/mr/` असेल तर तिथं `/en/` किंवा `/hi/` टाकून उघडा. तेच पान तंतोतंत समोर आलं आणि लेखक कुणीच नसेल, तर बहुतेक वेळा भाषांतराची जोडणी बसवलेली असते. इंग्रजी पानावर 'lime' दिसलं की लिंबाचं कोडं तिथंच सुटतं.

बागवाला_कवठे
पण आता नवी यंत्रं भाषा गुळगुळीत लिहितात. तेव्हा हंगाम तपासा. 'हिवाळ्यात वेल सुप्तावस्थेत असताना छाटणी करा' असं अस्खलित मराठीत आलं, तरी ते थंड देशाचं आहे. आपल्याकडे एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला गोडी छाटणी. जानेवारी-फेब्रुवारीत तर इथं माल काढणीला येतो. तसंच प्रमाण 'प्रति गॅलन' असेल तर सावध. अमेरिकी गॅलन म्हणजे सुमारे 3.8 लिटर, आकडा तसाच ठेवून पुढं नुसतं 'लिटर' लिहिलं तर औषध जवळजवळ चौपट पडतं.

आलेवाला_कोरेगाव
म्हणजे अशी साइट कायमची बाद?

मुद्रितवाचक
माझ्या मते बाद. लिंबाचं वाक्य ज्यांनी छापण्याआधी वाचलं नाही, त्यांनी औषधाचं प्रमाणही वाचलेलं नसणार.

वेबवाला_मिरज
मला हे पटत नाही. चांगल्या संस्थेच्या पानाचं भाषांतर कच्चं असलं तरी रोगाचं वर्णन आणि फोटो उपयोगी पडतात. फक्त प्रमाण आणि काढणीआधी किती दिवस फवारणी थांबवायची, हे तिथून उचलू नका. ते डब्यातल्या माहितीपत्रकावर असतं. निर्यातीचा माल असेल तर मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राची यादी बघा.

मुद्रितवाचक
फोटोही उचललेले असतात हो. केवड्याच्या मजकुरावर भुरीचा फोटो लावलेला असतो, त्याचं काय करणार?