विषय: दारव्ह्याच्या घरातील कॉटचे भाडे, वीज धरून की वेगळी?

मंजूषा: सर्वांना नमस्कार. जूनपासून आमच्या दारव्ह्याच्या घरी सहा मुली कॉट बेसिसवर राहणार असून दोन्ही वेळचे जेवण वहिनी देतील. कॉटमागे ४,५०० रुपये, त्यात वीजही, असे मी पालकांना उद्या कळवणार होते. परंतु वहिनी विजेचे वेगळे घ्या म्हणतात.

श्रीकांत: मंजूषाताई, वीज धरूनच सांगा. वरुडला आमच्याकडे संत्र्याचे व्यापारी राहत, त्यांच्याकडून एकच रक्कम घेत होतो आणि कधी वाद झाला नाही.

विद्याधर: श्रीकांतराव, आपले व्यापारी आंबिया बहाराला येऊन थंडीतच परतत, त्यामुळे कूलरचा प्रश्न आपल्याकडे आलाच नाही. तीन मुलींच्या खोलीत २०० वॅटचा कूलर रोज १२ तास चालला, तर महिन्याला ७२ युनिट होतात, म्हणजे दोन खोल्यांचे १४४. वहिनींचे घर मोटरसह ९० आणि खोल्यांचे दिवे-पंखे ६० धरले, तर फेब्रुवारीतले १५० युनिट मे महिन्यात २९४ होतील. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटनंतरचा दर जवळपास दुप्पट आहे, म्हणून कूलरचा प्रत्येक युनिट चढ्याच दराने पडतो. कूलरच्या पाण्यासाठी बोअरची मोटर जास्त चालली, की ३०० ओलांडून त्याहून महाग टप्पा लागेल. बिलाची सरासरी काढून वाटणी केली, तर हा वाढीव भार वहिनींच्याही वाट्याला जाईल. दोन्ही खोल्यांना सब-मीटर बसवावेत, खोलीमागे ४० युनिट भाड्यात धरावेत आणि त्यापुढचे चढ्या दराने घ्यावेत. मे महिन्यात ते प्रत्येकीला २१ च्या आसपास येतील.

सुनीता: त्यापेक्षा दुसरे मीटरच घ्यावे, म्हणजे स्वस्त दराचे १०० युनिट दोनदा मिळतील.

विद्याधर: सुनीताताई, आम्ही अर्ज केला तेव्हा स्वतंत्र प्रवेशद्वार आणि स्वतंत्र राहता भाग दाखवण्यास सांगितले गेले. मंजूषाताईंच्या घराला एकच दार आहे.

शैला: विजेपेक्षा खाड्यांचे आधी ठरवा. माझ्या आईने खानावळ चालवली आहे, म्हणून आग्रहाने लिहिते. आदल्या रात्री सांगितलेला आणि सलग चार दिवसांचा खाडाच धरावा, आणि त्यातही केवळ शिध्याचे पैसे वजा करावेत; एक ताट कमी झाले म्हणून पोळ्या करणाऱ्या बाईंचा पगार कमी होत नाही.

श्रीकांत: शैलाताई, चार दिवस फार होतात. शनिवार-रविवार घरी जाणाऱ्या मुलीने दोन दिवसांचे पैसे का भरावेत?

मंजूषा: सर्वांचे आभार. ४,५०० मध्ये जेवण आणि ४० युनिट, पुढचे सब-मीटरवर, असे पालकांना कळवते. खाड्याचे वहिनी ठरवतील. मात्र एका आईने आताच विचारले आहे, की मुलगी मे महिन्यात घरी आली, तर कूलरचे युनिट खोलीतल्या दोघींत वाटणार की तिघींत? कूलर दोघींसाठीही तितकाच चालेल. विद्याधरराव, आपल्याकडे काय करता?