मदत हवी आहे: नोकरदारांसाठी जर्मनची बॅच, फी कशी घेऊ?

चिंचवडची_मैत्रेयी:
नमस्कार. मी पुण्यात मॅक्सम्युलर भवनची बी२ परीक्षा पास झाले आहे. जूनपासून घरीच ए१ची बॅच सुरू करायचा विचार आहे. सात जणांनी विचारणा केली आहे, सगळे हिंजवडी आणि चाकणला नोकरी करणारे. शनिवार-रविवार सकाळी दोन-दोन तास, म्हणजे आठवड्याला चार. ए१ला ८० तास धरले तर २० आठवडे, साधारण पाच महिने. महिन्याला २,००० रुपये घ्यावेत असं वाटतंय. सातही जण टिकले तर ७०,००० होतात. हे बरोबर आहे का? आणि बी२वर शिकवणं योग्य आहे ना?

देशपांडे_काका:
बी२वर कोणी शिकवू देत नाही. त्यासाठी सी१ आणि शिक्षक प्रशिक्षणाचा दाखला लागतो.

रानडेवाली:
काका, संस्थेत नोकरीसाठी बऱ्याच ठिकाणी तसं मागतात, पण घरगुती शिकवणीला अशी अट नाही. मैत्रेयी, ए१ तू शिकवू शकशील. फक्त आधी एक करून बघ. कुणाला तरी जर्मनमधून दहा मिनिटं बोलायला लाव आणि त्याच्या चुका मनात टिपून नंतर सांग. क्रियापद चुकीच्या जागी गेलं, 'डेन'च्या जागी 'डेर' आलं, हे कानाला लगेच खटकलं पाहिजे. पुस्तक उघडावं लागत असेल तर अजून थोडा सराव कर.

आता फी. मी दहा वर्षांहून जास्त काळ नोकरदारांना शिकवते आहे. दरमहा फी घेतलीस की गळती थेट तुझ्या खिशातून जाते. पहिले चार-पाच आठवडे उत्साह असतो. मग अक्कुझाटिव येतं आणि त्याच सुमारास कुणाचं रिलीज, कुणाचा ऑडिट निघतो. दोन शनिवार चुकले की तो माणूस मागे पडतो. तिसऱ्या शनिवारी लाजेने येत नाही आणि पुढच्या महिन्याची फीही देत नाही. समज, पहिले दोन महिने सात जण, तिसऱ्यात पाच आणि शेवटचे दोन महिने चार. १४,०००, १४,०००, १०,०००, ८,०००, ८,००० मिळून ५४,००० होतात.

म्हणून ए१चे दोन भाग कर, ४० तासांचा एक. प्रत्येकी ५,००० आधी घे.

सुमेध_क:
पण ताई, पहिल्या भागाला सात जणांचे ३५,००० आणि दुसऱ्याला चार जणांचे २०,००० धरले तर ५५,०००. म्हणजे तेवढेच की.

रानडेवाली:
हो, चौघंच उरले तर एकूण तेवढंच. फरक असा की दहाव्या आठवड्यानंतर तुला निर्णय घेता येतो. दुसऱ्या भागाला दुसरीकडून अर्धवट सोडून आलेले दोघं-तिघं घेता येतात. असे लोक पुण्यात खूप भेटतात. महिन्याच्या फीमध्ये मधूनच कुणाला बसवलं तर त्याला आधीचं काही येत नाही आणि बाकीचे खोळंबतात. नवीन माणसाची आधी पंधरा मिनिटं तोंडी परीक्षा घे.

आणि ८० तास म्हणजे फक्त वर्गाचे. नवीन शिक्षकाला एका तासामागे जवळपास तासभर तयारी लागते, वर वह्या तपासणं. ५५,००० भागिले १६० कर, तासाला साडेतीनशेच्या आत येतात. त्यापेक्षा कमी फी ठेवू नकोस. आठपेक्षा जास्त मुलंही घेऊ नकोस, नाहीतर दोन तासांत प्रत्येकाच्या वाट्याला बोलायला काहीच उरत नाही.

चिंचवडची_मैत्रेयी:
चुकलेल्या तासांचं काय करू? रेकॉर्डिंग देऊ का?

रानडेवाली:
मी देत नाही. रेकॉर्डिंग मिळणार हे कळलं की हजेरी कमी होते, असा माझा अनुभव. त्याऐवजी बुधवारी रात्री अर्धा तास ऑनलाइन शंकांचा ठेवते.

ऑफिसवाला_निनाद:
मी याच्या उलट सांगेन. माझ्या वर्गात शिफ्टमधले लोक आहेत, रेकॉर्डिंग नसतं तर निम्मे सोडून गेले असते. कंपनीच्या आत बॅच मिळाली तर घ्या, दर बराच जास्त असतो. पण पैसे दोन-तीन महिन्यांनी येतात आणि १० टक्के टीडीएस कापून.

गौरी_नाशिक:
माझ्या मिस्टरांना श्टुटगार्टला नोकरी लागली आहे. व्हिसासाठी मला ए१ लागेल का? तुमच्या बॅचला ऑनलाइन येऊ शकते का?

रानडेवाली:
गौरी, त्यांच्याकडे ब्लू कार्ड असेल तर तुम्हाला व्हिसासाठी ए१चा दाखला लागत नाही. कुशल कामगाराच्या बाकी बऱ्याच परवान्यांवरही आता लागत नाही, पण सगळ्याच नाही, म्हणून त्यांचा परवाना कोणता ते आधी बघा. मैत्रेयी, हे तुझ्याही कामाचं आहे. सातही जणांना पहिल्याच दिवशी विचार, परीक्षा द्यायची आहे की ऑफिसच्या कॉलवर बोलायचं आहे? परीक्षेवाल्यांना नावाची स्पेलिंग सांगणं, चिठ्ठीवरच्या शब्दावरून प्रश्न विचारणं, छोटी ईमेल लिहिणं याचा शेवटच्या आठवड्यांत भरपूर सराव लागतो. कॉलवाल्यांना तो कंटाळवाणा होतो.

चिंचवडची_मैत्रेयी:
विचारलं. चौघांना परीक्षा, तिघांना ऑफिससाठी. पहिला भाग एकत्र घेऊन ए१.२ वेगळा करावा का? तिघांची बॅच ५,०००मध्ये परवडणार नाही, आणि फी वाढवली तर येतील का ते कळत नाही.